चौकटीत चिकटवण्याआधी

माहितीच्या अधिकाराचा ऑनलाइन अर्ज भरताना नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक हे सगळं पाच मिनिटांत होतं. वेळ जातो तो ‘अर्जाचा मजकूर’ या एका चौकटीत. तिथेच बसून विचार करत टाइप करायला घेतलं, की संकेतस्थळाची वेळमर्यादा संपते, पान पुन्हा लॉगिन मागतं आणि लिहिलेलं सगळं जातं. म्हणून मजकूर आधी संगणकावरच्या साध्या नोंद-फाइलमध्ये लिहायचा आणि मग चौकटीत चिकटवायचा, हा शहाणा मार्ग बरेच जण धरतात. मात्र मजकुरात जी बिघाडी होते, तिची सुरुवात या चिकटवण्यापासूनच होते.

ही चौकट नेमकं काय स्वीकारते, ते आधी पाहू. ठळक अक्षरं, रंग, टेबल यांतलं काहीही तिला कळत नाही. ती फक्त अक्षरं घेते, एकामागून एक. त्यामुळे वर्डमधून चिकटवलं की ठळकपणा आपोआप गळतो, आणि त्याची काळजी करायची गरज नाही. काळजी करायची ती वर्डने आपल्या नकळत बदललेल्या अक्षरांची. आपण सरळ अवतरणचिन्ह टाइप करतो, वर्ड ते वळणदार करतं. दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ होते, तीन टिंबांचं एकच चिन्ह बनतं. ही सजावट नव्हे, ही वेगळी अक्षरं आहेत, म्हणून ती चौकटीत जशीच्या तशी उतरतात. केंद्र सरकारच्या rtionline.gov.in वर इंग्रजी मजकुरासाठी चालणाऱ्या अक्षरांची यादीच दिलेली आहे: इंग्रजी अक्षरं, अंक आणि स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, तिरकी रेघ अशी मोजकी चिन्हं. वळणदार अवतरणचिन्ह त्यात बसत नाही. मजकूर नाकारला जातो आणि दोष कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही, कारण पडद्यावर तो मजकूर अगदी निर्दोष दिसत असतो.

म्हणून मसुदा वर्डमध्ये न करता नोटपॅडसारख्या साध्या फाइलमध्ये करावा. मॅकवर टेक्स्टएडिट वापरत असाल तर Format मेनूमधून Make Plain Text निवडावं. आयफोनवर लिहिणाऱ्यांनी कीबोर्डच्या सेटिंगमधलं Smart Punctuation बंद करावं, नाहीतर तिथेही तीच वळणदार चिन्हं येतात. वर्डशिवाय हात चालतच नसेल, तर AutoCorrect Options मधल्या AutoFormat As You Type या भागात जाऊन अवतरणचिन्हांची खूण काढून टाकावी.

हे झालं चिन्हांचं. मराठी मजकुराचं दुखणं याहून खोल आहे, आणि त्यासाठी एकच शब्द घेऊन बसू: शेतकऱ्यांना.

हा शब्द जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर तो संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. कृतिदेव, श्रीलिपी, सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं वापरलेले डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश यांच्यासारखे फाँट आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवतात, फक्त दिसायला देवनागरी दाखवतात. कृतिदेवमधला ‘शेतकरी’ चौकटीत चिकटवला की असा दिसतो:

```
'ksrdjh
```

इथे चौकटीचा काही दोष नाही. तिने फाँट काढून टाकला आणि आतलं खरं रूप दाखवलं. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार ती हमखास चुकवतात, म्हणून एकदा ओळन्‌ओळ वाचणं टळत नाही. दोन पानांचा अर्ज असेल तर मी सरळ पुन्हा टाइप करायला सांगेन.

दुसरी तऱ्हा म्हणजे मजकूर युनिकोडमध्येच आहे, पण पलीकडच्या यंत्रणेने तो चुकीच्या पद्धतीने वाचला. तेव्हा ‘शेत’ हा शब्द पावतीवर असा उमटतो:

```
à¤¶à¥‡à¤¤
```

युनिकोडचं सर्वांत रुळलेलं रूप आहे UTF-8. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं. पलीकडची यंत्रणा एकेक बाइट म्हणजे एकेक अक्षर समजून बसली, की एकाची तीन होतात. à¤ किंवा à¥ असं पुन्हापुन्हा दिसलं की रोग हाच, हे ओळखावं. यात एक दिलासा आहे: बाइट शाबूत आहेत, मजकूर परत मिळवता येतो. मराठीच्या जागी नुसती ????? दिसली, तर मात्र मूळ अक्षरं गेली ती गेलीच. असं बहुधा फाइल ANSI या जुन्या प्रकारात साठवल्यामुळे होतं. विंडोज 10 च्या 2019 मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून UTF-8 मध्ये साठवतं. त्याआधीच्या संगणकावर मात्र Save As करताना खालच्या Encoding या रकान्यात UTF-8 निवडावं लागतं. सायबर कॅफेत किंवा एखाद्या सेवा केंद्रात जुना संगणक समोर आला, तर तो रकाना आधी पाहावा.

आता खास मराठीचं दुखणं. ‘शेतकऱ्यांना’ यातला अर्धचंद्रासारखा र दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलंत आणि पुढे य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलंत, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि पुढे य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण काही यंत्रणा सुरक्षेच्या नावाखाली अदृश्य चिन्हं गाळून टाकतात. ते जोडचिन्ह गेलं की ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं, चंद्राच्या जागी डोक्यावर रफार येतो. दुसऱ्या, वाऱ्यावर, अधिकाऱ्यांना, सगळे शब्द एकाच वेळी बिघडतात. जतन केलेल्या अर्जात असं दिसलं, तर इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर हे अक्षर Shift+J, मग d, मग / असं टाइप करावं. त्यात अदृश्य चिन्ह येतच नाही, त्यामुळे गाळण्यासारखं काही उरत नाही.

याच शब्दाने मोजणीचाही उलगडा होतो. आपण वाचताना शे-त-क-ऱ्यां-ना अशी पाच अक्षरं मोजतो. संगणक काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं वेगळं धरतो, त्यामुळे त्याच्या लेखी ही अकरा चिन्हं. आणि साठवताना प्रत्येकी तीन, म्हणजे तेहेतीस बाइट. केंद्राच्या पोर्टलवर मजकुराला 3000 अक्षरांची मर्यादा आहे, त्याहून मोठा अर्ज सोबत जोडून द्यावा लागतो. इतर ठिकाणी मर्यादा वेगवेगळ्या असतात. त्यांतली एखादी बाइटांत मोजणारी निघाली, तर 4000 बाइटांच्या रकान्यात मराठीची जेमतेम 1333 चिन्हं मावतात. मोजणारा आकडा हिरवा दाखवतो आणि पावतीवर शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटलेलं असतं, कधी शेवटी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह असतं. ते चिन्ह म्हणजे तीन बाइटांचं अक्षर मधोमध कापलं गेल्याची खूण.

ओळी तोडण्याचाही हिशोब असाच फसवा आहे. ब्राउझर चौकटीतली नवी ओळ एक अक्षर धरतो, पण अर्ज पाठवताना तिची दोन अक्षरं होतात. समजा, मजकूर 2980 भरला आणि त्यात 30 वेळा एंटर मारला आहे. पलीकडे पोहोचेपर्यंत तो 3010 होतो. मर्यादा 3000 असेल तर आपण 2800 वरच थांबावं, उगाच शेवटच्या शब्दासाठी झटापट करू नये.

महाराष्ट्राच्या नियमांत मोजमाप शब्दांचं आहे: अर्ज एकाच विषयाचा असावा आणि सर्वसाधारणपणे 150 शब्दांहून मोठा नसावा. इथे मराठीला फायदा आहे, कारण विभक्ती शब्दाला चिकटते आणि ‘शेतकऱ्यांना’ हा एकच शब्द धरला जातो. पण शब्द मोजले जातात ते मधल्या जागांवरून. ‘2023 - 24’ असं जागा सोडून लिहिलं तर तीन शब्द, ‘2023-24’ लिहिलं तर एकच.

ओळी कशा लिहाव्यात, हे पाणंद रस्त्याच्या एका अर्जावरून पाहू. नोंद-फाइलमध्ये तो असा असेल:

```
विषय: पाणंद रस्त्याचे काम.
1) सन 2023-24 मध्ये मंजूर कामांची यादी द्यावी.
2) प्रत्येक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी.
3) ठेकेदाराला दिलेल्या रकमांचा तपशील द्यावा.
```

अनेक पोर्टलं हा मजकूर नीट साठवतात, पण दाखवताना किंवा छापताना ओळी मोडतात आणि सगळं एका परिच्छेदात येतं. माहिती अधिकाऱ्याच्या हाती पडतो तो हा सपाट परिच्छेद:

```
विषय: पाणंद रस्त्याचे काम. 1) सन 2023-24 मध्ये मंजूर कामांची यादी द्यावी. 2) प्रत्येक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी. 3) ठेकेदाराला दिलेल्या रकमांचा तपशील द्यावा.
```

तरीही अर्थ लागतो, कारण आकडे हाताने टाइप केलेले आहेत आणि प्रत्येक मागणी पूर्णविरामाने संपते. हेच आकड्यांच्या जागी वर्डचे ठिपके असते आणि पूर्णविराम गाळलेले असते, तर तीन मागण्यांची एक लांबलचक, धड न लागणारी मागणी झाली असती. उत्तर देणाऱ्याला त्यातल्या एकाच मागणीचं उत्तर देऊन मोकळं व्हायला तेवढं निमित्त पुरतं. ओळी मोडतील असं गृहीत धरून लिहावं, मग मोडल्या तरी बिघडत नाही.

याउलट, ओळी नको तिथे तुटण्याचा प्रकार पीडीएफमधून नक्कल केल्यावर होतो. शासन निर्णयाच्या पीडीएफमधला परिच्छेद चिकटवला, की छापील पानाच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर येतो, आणि बऱ्याचदा ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारच्याला लागते, कारण पीडीएफमध्ये अक्षरं वाचण्याच्या क्रमाने नव्हे, तर पानावर मांडण्याच्या सोयीने ठेवलेली असतात. तो परिच्छेद नक्कल करूच नये. निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक हाताने टाइप केला, की संदर्भ पुरा होतो आणि शब्दही वाचतात.

चिकटवून झाल्यावर लगेच ‘सादर करा’ दाबू नये. चौकटीतला मजकूर निवडून परत एका कोऱ्या नोंद-फाइलमध्ये चिकटवावा आणि दोन्ही फाइलींचं शेवटचं वाक्य आणि एखादं ‘ऱ्या’ असलेलं अक्षर ताडून पाहावं. चौकटीने काही गाळलं किंवा कापलं असेल तर ते इथेच सापडतं. पण पलीकडच्या यंत्रणेने केलेला बिघाड इथे दिसत नाही. त्यासाठी पोर्टल पूर्वदृश्य दाखवत असेल तर ते वाचावं, नाहीतर पावती उघडून पाहावी.

नोंदणी क्रमांक मिळाला की तो मूळ फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहावा आणि फाइलीलाही तेच नाव द्यावं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर अपुरं वाटलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. तिथेही अशीच एक चौकट असते आणि अर्जात नेमकं काय मागितलं होतं ते अक्षरशः तसंच लिहावं लागतं. पावतीवरचा मजकूर मोडका निघाला असेल, तर तो निवडून चिकटवू नये, या फाइलीतून घ्यावा.