खंडानंतरची नोकरी : लिंक्डइनवरील शीर्षओळ आणि सारांश

बँकेत एखाद्या खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. निष्क्रिय झाले म्हणून त्यातील शिल्लक नाहीशी होत नाही. खातेदाराने यावे, ओळख व पत्त्याचे ताजे कागद द्यावेत, की खाते पुन्हा चालू होते. संसारासाठी दहा-बारा वर्षे नोकरी सोडून पुन्हा कामावर जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींचे बरेचसे असेच आहे. शिल्लक असते, परंतु ताजे कागद मांडण्याची रीत माहीत नसते. आजकाल हे कागद पुष्कळदा लिंक्डइन या संकेतस्थळावर मांडावे लागतात. तेथील आपल्या माहितीपानात अनेक रकाने आहेत. त्यांपैकी दोनच रकान्यांविषयी येथे लिहीत आहे. पहिला नावाखालची शीर्षओळ, म्हणजे पडद्यावरील Headline. दुसरा सारांश, म्हणजे About. शीर्षओळीमुळे आपण सापडतो आणि सारांशामुळे आपल्यावर विश्वास बसतो. ही दोन कामे वेगळी आहेत, हे ध्यानात आले म्हणजे पुढचे सोपे होते.

आमच्या परिचयातील एका भगिनीचेच उदाहरण घेऊ. त्या बी.कॉम. आहेत. २००३ ते २०१२ अशी नऊ वर्षे पुण्यातील एका कारखान्याच्या हिशेब खात्यात त्यांनी नोकरी केली. धाकटा मुलगा लहान, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून २०१२ साली नोकरी सोडली. २०२४ साली पुन्हा काम शोधायला निघाल्या तेव्हा वय चव्वेचाळीस होते. मुलीने त्यांना लिंक्डइनवर खाते उघडून दिले. शीर्षओळीत त्यांनी ‘गृहिणी, नोकरीच्या शोधात’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिले. तीन महिने कोणाचाही निरोप आला नाही. त्या निराश झाल्या आणि आपले वय आडवे येते असे म्हणू लागल्या.

येथे भरती करणाराची रीत समजून घेतली पाहिजे. माणूस हवा असला म्हणजे तो शोधाच्या चौकटीत पदाचे नाव, येणारे काम आणि गाव असे शब्द टाकतो. हिशेबनीस हवा असेल तर तो जीएसटी, टीडीएस, टॅली असे शब्द लिहील. ‘गृहिणी’ किंवा ‘संधी हवी’ हे शब्द तो कशाला लिहील? म्हणजे आमच्या भगिनी नाकारल्या गेल्याच नव्हत्या. त्या कोणाला दिसल्याच नव्हत्या. नाकारले जाणे वेगळे आणि न दिसणे वेगळे. दुसऱ्याचा उपाय आपल्या हाती असतो.

मग त्यांनी एका जाहिरातीतील सगळे शब्द उचलून शीर्षओळीत भरले. त्यात एसएपी या संगणक प्रणालीचेही नाव होते. आठवडाभरात एका कंपनीतून दूरध्वनी आला. अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न केला, “एसएपीमधला कोणता भाग हाताळलात?” बाईंनी ती प्रणाली डोळ्यांनीही पाहिली नव्हती. त्या गप्प राहिल्या आणि संभाषण तेथेच संपले. त्या सांगतात, नोकरी गेल्याचे वाटले नाही. नऊ वर्षे खरे काम करूनही आपण खोट्या ठरलो याचे वाईट वाटले.

यानंतर आम्ही एकत्र बसून जे केले ते क्रमाने सांगतो. आपल्याला हव्या त्या पदाच्या, आपल्याच शहरातील दहा जाहिराती घेतल्या. प्रत्येकीत मागितलेली कामे वहीत उतरवली आणि वारंवार येणारे शब्द अधोरेखित केले. जीएसटी विवरणपत्रे, टीडीएस, बँक ताळमेळ, टॅलीप्राइम ही नावे जवळजवळ सर्वत्र होती. मग पानाचे तीन भाग केले. पहिल्यात प्रत्यक्ष नोकरीत केलेली कामे, दुसऱ्यात माहीत आहेत पण पद्धत बदलली आहे अशी कामे, तिसऱ्यात मुळीच न येणारी कामे. बँक ताळमेळ व टीडीएस पहिल्या भागात गेले. एसएपी तिसऱ्यात गेले आणि तेथेच राहिले.

खरी अडचण मधल्या भागाची होती. बाईंनी नोकरी सोडली तेव्हा विक्रीवर व्हॅट होता, कारखान्याला अबकारी कर होता आणि कचेरीत टॅली ईआरपी ९ होते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि ती जुनी विवरणपत्रे बहुतेक व्यापाऱ्यांच्या दृष्टीने इतिहासजमा झाली. टॅलीप्राइम २०२० साली आले. आता शीर्षओळीत व्हॅट लिहिले तर वाचणाऱ्यास बारा वर्षांचा खंड तेवढा दिसणार. आणि काम न करता जीएसटी लिहिले तर पुन्हा एसएपीसारखी गत होणार. म्हणून त्यांनी सहा महिने एका करसल्लागाराच्या कार्यालयात अल्प मानधनावर काम केले. जीएसटीआर-१ मध्ये विक्रीचा तपशील जातो, जीएसटीआर-३बी मध्ये महिन्याचा गोषवारा देऊन कर भरला जातो, आणि जीएसटीआर-२बी हा खरेदीवर मिळणाऱ्या कराच्या वजावटीचा आपोआप तयार होणारा तक्ता असतो. तो तक्ता आपल्या खरेदी वहीशी ताडून पाहणे हे आजच्या हिशेबनिसाचे दरमहाचे काम आहे. अकरा लहान व्यापाऱ्यांचे हे काम त्यांनी हाताखालून घातले. त्यानंतरच तो शब्द शीर्षओळीत आला.

शीर्षओळीत २२० अक्षरे मावतात, परंतु शोधाच्या यादीत, विशेषतः मोबाईलवर, तिचा आरंभीचा भागच दिसतो. म्हणून पदाचे नाव सर्वांत आधी, मग कामे, मग अनुभव, शेवटी गाव असा क्रम ठेवला. भरती करणारे इंग्रजी शब्दांनी शोधतात, म्हणून ओळ इंग्रजीत लिहिली. ती अशी :

Accounts Executive | GST, TDS, TallyPrime, Bank Reconciliation | 9 years in factory accounts | Pune

ही सुमारे शंभर अक्षरे आहेत. यात ‘कष्टाळू’, ‘प्रामाणिक’, ‘ध्येयवादी’ असे एकही विशेषण नाही, कारण त्या शब्दांनी कोणी हिशेबनीस शोधत नाही. खंडाचाही उल्लेख येथे नाही. यावर एका सभासदाने हरकत घेतली की ही लपवाछपवी झाली. तसे नाही. पदाचे नाव हा आपला व्यवसाय आहे, आज नोकरीत असल्याचा दावा नव्हे. मात्र अनुभवाच्या रकान्यात जुन्या नोकरीची अखेर २०१२ अशी स्पष्ट हवी. ती तारीख रिकामी ठेवून नोकरी अद्याप चालू आहे असे भासवणे ही खरी लपवाछपवी होय, आणि ती पहिल्याच चौकशीत उघडी पडते. खंडाची नोंद करण्यासाठी लिंक्डइनने २०२२ साली Career break अशी वेगळी सोय आणली. तेथे वर्षे व कारण लिहिता येते. बाईंनी २०१२ ते २०२४ हा काळ तेथे नोंदवला.

आता सारांश. येथे २,६०० अक्षरांची मुभा आहे, पण तेवढी भरण्याची मुळीच गरज नाही. पान उघडल्यावर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचे वाचण्यासाठी वाचणाऱ्याला बोट दाबावे लागते. बाईंच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती : ‘बारा वर्षांच्या मोठ्या खंडानंतर मी पुन्हा काम करू इच्छिते, तरी कृपया मला एक संधी द्यावी.’ म्हणजे दिसणारी सगळी जागा क्षमायाचनेत गेली. त्यांना काय येते हे बोट दाबल्यावाचून कळतच नव्हते. बदललेला सारांश इंग्रजीत आहे. त्याचा आशय मराठीत देतो :

‘कारखान्याच्या हिशेब खात्यात मी नऊ वर्षे काम केले. दरमहा सुमारे ४०० खरेदी बिलांची नोंद, तीन बँक खात्यांचा ताळमेळ, टीडीएस आणि ११० कामगारांच्या पगारातून होणारी भविष्यनिर्वाह निधीची कपात हे माझ्याकडे होते. २०२४ साली करसल्लागाराच्या कार्यालयात सहा महिने अकरा व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रे टॅलीप्राइमवरून तयार केली व २बी तक्त्याशी खरेदी ताडून पाहिली. २०१२ ते २०२४ या काळात कुटुंबातील संगोपन व शुश्रूषेसाठी मी नोकरीबाहेर होते. त्यांतील सहा वर्षे चौदा महिलांच्या बचत गटाची रोजकीर्द व कर्जखाती मी ठेवली. आता पुण्यात लेखा विभागात पूर्ण वेळ काम करण्यास मी उपलब्ध आहे.’

यातील क्रम पाहा. आधी केलेले काम, मग ताजे काम, मग खंड, मग आजची उपलब्धता. खंड एकाच वाक्यात, वर्षांसह आणि भूतकाळात आहे. ‘होते’ या शब्दाने तो काळ संपला हे कळते. सासूबाईंच्या आजाराचे नाव अगर घरातील हकीकत लिहिलेली नाही. तिची आवश्यकता नसते. बचत गटाचे कामही ‘समाजसेवेची आवड’ असे मोघम न लिहिता रोजकीर्द व कर्जखाती असे हिशेबाच्या भाषेत आले आहे. आकडे मात्र आपल्याला सांगता येतील तेवढेच घालावेत. प्रत्येक आकड्यावर व प्रत्येक कामावर समोरचा दोन प्रश्न विचारील असे समजावे. दोन्हींची उत्तरे देता येत नसतील तर तो शब्द खोडावा.

बदल लागू पडला की नाही हे कसे ओळखावे? खातेदाराला आपण किती वेळा शोधात दिसलो याचा आकडा पाहता येतो; पडद्यावर त्यास Search appearances म्हणतात. शीर्षओळ बदलून तीन-चार आठवडे झाले तरी हा आकडा जागचा हलत नसेल, तर दोष शीर्षओळीत आहे. जाहिरातींचे शब्द पुन्हा पाहावेत. आकडा वाढला पण निरोप येत नाहीत, तर लोक पान उघडून परत जात आहेत. अशा वेळी सारांशाच्या पहिल्या दोन ओळी बदलाव्यात. दोन्ही एकदम बदलू नयेत, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आमच्या भगिनींचा आकडा पहिल्या महिन्यातच हलला.

या साऱ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. लहान दुकाने व पेढ्या हिशेबनीस ठेवतात ते बहुधा ओळखीने किंवा सनदी लेखापालांच्या कार्यालयांतून विचारून. तेथे लिंक्डइन पाहिले जातेच असे नाही. तरीही हाच सारांश कागदावर उतरवून अर्जासोबत देता येतो. आणि जे काम हाताला येत नाही ते कोणत्याही ओळीने येत नाही. बाईंचे सहा महिने वगळले तर त्यांची शीर्षओळ पोकळच राहिली असती.

दोन महिन्यांनी त्यांना चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातून बोलावणे आले. मुलाखतीत पहिला प्रश्न २बी तक्त्यात न दिसणाऱ्या बिलाचे काय करता, हा होता. “पुरवठादाराला त्याच दिवशी कळवते आणि ते बिल दिसेपर्यंत त्याची वजावट धरत नाही,” असे बाईंनी उत्तर दिले. बारा वर्षांच्या खंडाविषयी एकच प्रश्न झाला आणि त्यांनी सारांशातले तेच वाक्य सांगितले. पुढच्या पहिल्या तारखेपासून त्या कामावर रुजू झाल्या.