दापोलीत कावळ्यांना बर्ड फ्लू झाला, माणसांना का नाही?

जानेवारी २०२१मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीत कावळे मरून पडले. भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचे निदान झाले. पण माणसांत साथ आली नाही. असे का?

फ्लूचा विषाणू पेशीवरील विशिष्ट शर्करा-रेणूला चिकटून आत शिरतो. पक्ष्यांच्या विषाणूला लागणारा रेणू माणसाच्या नाका-घशात फारसा नसतो, फुफ्फुसात खोलवर असतो. म्हणून आजारी कोंबड्या हाताळताना किंवा सोलताना विषाणू भरपूर प्रमाणात श्वासात गेला, तरच सहसा लागण होते. ती जीवघेणी ठरू शकते, पण दुसऱ्याला सहज होत नाही.

डुकरांच्या श्वसनमार्गात मात्र दोन्ही प्रकारचे रेणू असतात. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले, की त्यांच्या जनुकांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. २००९च्या स्वाइन फ्लूच्या विषाणूत पक्षी, डुक्कर आणि माणूस या तिघांच्या विषाणूंचे तुकडे सापडले. तो खोकल्यातून पसरू लागला. पुण्यात डुकराच्या जवळपासही न गेलेली माणसे आजारी पडली. नाव मात्र डुकराचेच राहिले.

नीट शिजवलेल्या चिकनमधून बर्ड फ्लू होत नाही. ७० अंशांवर विषाणू मरतो. धोका कच्चे मांस हाताळण्यात आहे. मेलेला कावळा उघड्या हाताने उचलू नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.