नऊ अक्षरांत लपलेलं गाव

आकड्यांचं सुडोकू सोडवणाऱ्याच्या हाती अक्षरांचं कोडं पहिल्यांदा पडलं, की तो अडखळतो. नियम तेच असतात. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या ओळी आणि तीन बाय तीनच्या नऊ चौकटी. प्रत्येकीत प्रत्येक चिन्ह एकदाच. फक्त 1 ते 9 ऐवजी नऊ वेगवेगळी अक्षरं येतात आणि एखाद्या ओळीत किंवा कर्णावर त्यांचा मिळून एक शब्द तयार होतो. अडखळायचं कारण साधं आहे. आकडे ओळीने म्हणता येतात, त्यामुळे कुठला राहिला ते चटकन कळतं. विखुरलेल्या अक्षरांना असा क्रम नसतो. म्हणून मुरलेले खेळाडू आधी समासात नऊही अक्षरं एका ओळीत लिहून ठेवतात आणि दर वेळी त्याच क्रमाने तपासतात.

पण खरी गंमत आणि खरा धोकाही त्या शब्दातच आहे.

समजा, समासातली अक्षरं अशी आहेत : क, डू, न, ब, म, र, ळे, श्व, हा. शब्द पाचव्या आडव्या ओळीत आहे, एवढं कोडं सांगतं. त्या ओळीत दुसऱ्या घरात ‘हा’, चौथ्यात ‘ळे’ आणि आठव्यात ‘डू’ छापलेलं आहे. पाचवं आणि सहावं घर मधल्या चौकटीत येतं. त्या चौकटीत क, न आणि ब आधीच बसलेले आहेत, म्हणजे या दोन घरांसाठी म, र आणि श्व उरले. पाचव्या उभ्या ओळीत वर ‘म’ आहे, सहाव्या उभ्या ओळीत खाली ‘म’ आहे, तोही गेला. राहिले र आणि श्व. सहाव्या उभ्या ओळीत ‘श्व’ आधीच छापलेला असल्याने सहाव्या घरात ‘र’ आणि पाचव्यात ‘श्व’.

आता ओळ अशी दिसते : रिकामं, हा, रिकामं, ळे, श्व, र. मराठी डोळ्याला इथे महाबळेश्वर दिसल्याशिवाय राहणार नाही. मागे उरलेल्या क आणि न यांच्यामध्ये ‘डू’ आहे, म्हणजे पूर्ण शब्द ‘महाबळेश्वरकडून’.

तरीही पेन टेकवण्याआधी पडताळा घ्यावा. डावीकडच्या मधल्या चौकटीत क आणि न छापलेले आहेत, म्हणून ओळीच्या पहिल्या आणि तिसऱ्या घरात म आणि ब हेच येऊ शकतात. पहिल्या उभ्या ओळीत ‘ब’ आधीच आहे, म्हणून पहिलं घर ‘म’चं. शेवटच्या उभ्या ओळीत ‘क’ सापडला, की सातवं घर ‘क’चं आणि नववं ‘न’चं ठरतं. अंदाज आणि तर्क दोन्ही एकाच ठिकाणी पोचले, आता निर्धास्त लिहावं.

हा पडताळा का हवा, ते इंग्रजी कोड्यांत लख्ख दिसतं. ‘एज्युकेशन’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरं आहेत आणि नऊही वेगळी, त्यामुळे कोडं रचणाऱ्याला तो सोयीचा. (‘कम्युनिटी’चीही अक्षरं नऊच, पण त्यात एम दोनदा येतो, म्हणून तो बाद.) समासातली अक्षरं पाहून ‘एज्युकेशन’ ओळखलं आणि ओळ भरून टाकली, तर फसगत होऊ शकते. कारण त्याच नऊ अक्षरांतून ‘ऑक्शन्ड’ म्हणजे लिलाव झालेला आणि ‘कॉशन्ड’ म्हणजे सावध केलेला, हे शब्दही होतात. या दोघांची शेवटची सहा अक्षरं अगदी सारखी आहेत. फरक पहिल्या तीन घरांत : एकात ए-यू-सी, दुसऱ्यात सी-ए-यू. शब्द आडव्या ओळीत असेल, तर ही तिन्ही घरं एकाच चौकटीत पडतात आणि अक्षरंही तीच, त्यामुळे चौकट काहीच सांगत नाही. निवाडा करतात फक्त त्या तीन उभ्या ओळी.

चुकीचा शब्द भरल्याचं लगेच कळत नाही, हे अधिक त्रासाचं. बरीच घरं भरल्यावर एखाद्या चौकटीत एकच अक्षर दोनदा येऊ लागतं. अशा वेळी शेवटचं घर खोडण्याऐवजी शब्दाची ओळ पुन्हा तपासावी. दोष बहुधा तिथेच असतो.

शब्द कर्णावर असेल, तर मात्र तो माहीत नसतानाही मदत करतो. साध्या सुडोकूत कर्णावर अक्षर पुन्हा आलेलं चालतं. इथे शब्दाची नऊही अक्षरं वेगळी असल्याने कर्णावर प्रत्येक अक्षर एकदाच येणार, म्हणजे जादा नियम फुकट मिळाला.

मराठीत कोडं रचायचं, तर मात्रेसकट अक्षर एक धरायचं का, हे आधी ठरवावं लागतं. ‘महाबळेश्वरकडून’मध्ये व्यंजनंही वेगवेगळी आहेत, म्हणून तो दोन्ही पद्धतींत चालतो. ‘पुरणपोळीचा नैवेद्य’ हीसुद्धा बरोबर नऊ अक्षरं आहेत. ‘पु’ आणि ‘पो’ वेगळी धरायला तयार असाल, तर पहिलं कोडं त्यावरच रचून पाहा.