दुसऱ्या फेरीचा हिशोब

लोडशेडिंगचं वेळापत्रक हातात असलं की अर्धं काम झालं, असं घरून काम करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. सकाळी साडेनऊ ते दीड लाइट नाही, संध्याकाळी पाच ते सात पुन्हा नाही, एवढं कळलं की आदल्या रात्री सगळं चार्जिंगला लावायचं आणि निश्चिंत व्हायचं. सकाळची फेरी बहुधा निभावतेही. फजिती होते ती संध्याकाळी. सहाच्या मीटिंगमध्ये लॅपटॉप चालू असतो, फोन चालू असतो आणि राउटर मान टाकतो. हे असं का होतं, हे समजून घेतलं तर वस्तू विकत घेतानाच निम्म्या चुका टळतात.

महाराष्ट्रात वीज सगळ्यांकडे सारखी जात नाही. ज्या फीडरवर वीजगळती आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमनाचे तास जास्त, अशी ए पासून जी पर्यंतच्या गटांची पद्धत महावितरणने ठेवली होती. २०२२च्या एप्रिलमध्ये कोळशाच्या टंचाईमुळे भारनियमन परतलं, तेव्हाही आधी झळ बसली ती गळती जास्त असलेल्या फीडरना. शिवाय गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. मळ्यात किंवा वस्तीवर राहून पुण्यातल्या कंपनीचं काम करणाऱ्याला गावातल्या मित्राचं वेळापत्रक उपयोगाचं नाही. शेतीपंपांची वीज रोज ठरावीक तासच मिळते आणि दिवसपाळी-रात्रपाळी आलटून पालटून येते. म्हणून पहिलं काम हे, की आपलं घर कोणत्या फीडरवर आहे ते वायरमनला विचारून घ्यायचं आणि आपल्या फीडरच्या वेळा लिहून ठेवायच्या. त्यात वीज नसण्याचे तास जेवढे महत्त्वाचे, तेवढाच मधला वीज असण्याचा काळ महत्त्वाचा. सगळा हिशोब त्या मधल्या काळावर फिरतो.

हिशोब करायचा तो वॅट-तासात. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे एक हजार वॅट-तास. पॉवर बँकेवर मात्र मोठ्या अक्षरात एमएएच छापलेले असतात, आणि तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असतो. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास, त्याला ३.७ने गुणलं की ७४ वॅट-तास. यातले सगळे बाहेर येत नाहीत. व्होल्टेज वाढवताना काही वीज उष्णतेत जाते, म्हणून ६० हाती लागतील असं धरावं.

लॅपटॉपचं खरं पोट किती, हे तोच सांगतो. विंडोजच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच टाइप करायचं:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही स्क्रीनवर दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या भागात दोन ओळी सापडतात, DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY. पहिली म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरी किती होती, दुसरी म्हणजे आज किती उरली आहे. आकडे मिलिवॅट-तासात असतात, हजाराने भागायचे. तीन-चार वर्षं रोज चार्जरला जोडून वापरलेल्या लॅपटॉपमध्ये ५० ची ३६ झालेली दिसली तर नवल नाही. मग पिन काढून तासभर नेहमीचं काम करावं आणि टक्के किती उतरले ते पाहावं. ३६ वॅट-तासांच्या बॅटरीतून तासात ४० टक्के गेले, तर लॅपटॉप साधारण १५ वॅट खातो. व्हिडिओ कॉल चालू असताना हाच आकडा वर जातो, म्हणून तो तास आपल्या खऱ्या कामाचा असावा.

आता वरचंच वेळापत्रक घेऊ. सकाळचे चार तास, मधे साडेतीन तास वीज, मग संध्याकाळचे दोन तास. लॅपटॉपला सकाळी १५ गुणिले ४, म्हणजे ६० वॅट-तास हवेत. स्वतःच्या ३६ पैकी तळाचे थोडे सोडले तर ३२ कामाचे. उरलेले २८ पॉवर बँकेने द्यायचे, आणि गळती धरून तिच्यातून साधारण ३५ जातात. म्हणजे ७४ची बँक निम्म्यावर येते. फोनलाही त्यातून थोडं देता येतं.

इथे दोन गोष्टी बघून घ्याव्या लागतात. २२.५ वॅटची म्हणून मिळणारी पॉवर बँक फोनसाठी छान, पण ती बहुधा ९ किंवा १२ व्होल्टपर्यंतच जाते. बहुतेक लॅपटॉपना टाइप-सी वरून १५ किंवा २० व्होल्ट लागतात. अशी बँक जोडली तर लॅपटॉप एकतर स्लो चार्जर असल्याचा इशारा देतो, नाहीतर काहीच घेत नाही. बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेल्या आउटपुटमध्ये २० व्होल्ट आहे का, ते वाचूनच घ्यावं. ४५ किंवा ६५ वॅटची पीडी बँक हा सुरक्षित पर्याय. आणि ज्या लॅपटॉपला गोल पिनेनेच चार्जिंग होतं, त्याच्या टाइप-सी खोबणीत वीज जाते की फक्त डेटा, हे कंपनीच्या माहितीपत्रकात आधी तपासावं.

दुसरी गोष्ट जोडायच्या वेळेची. बॅटरी १० टक्क्यांवर आली की बँक शोधायची, ही सगळ्यांची सवय. त्याऐवजी लाइट जाताच, लॅपटॉप भरलेला असतानाच बँक जोडावी. तेव्हा बँकेची वीज थेट कामाला लागते. रिकाम्या बॅटरीत आधी भरायची आणि मग तिच्यातून काढायची, यातलं दुहेरी नुकसान वाचतं. शिवाय बँक मध्येच संपली तरी लॅपटॉपची बॅटरी शाबूत राहते, आणि तिचे टक्के बँकेच्या चार ठिपक्यांपेक्षा कितीतरी भरवशाचे असतात.

आता राउटर. अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. घरगुती फायबर राउटर प्रत्यक्षात साधारण ८ वॅट घेतो असं धरू. चार तासांना ३२ वॅट-तास झाले. यासाठी बाजारात छोटा राउटर यूपीएस मिळतो. अडॅप्टरची पिन त्यात, त्याची पिन राउटरमध्ये, बस. त्याच्यावर १०,००० एमएएच आणि १२ व्होल्ट हे दोन आकडे शेजारी छापलेले असतात, आणि लोक ते गुणून १२० वॅट-तास काढतात. पण इथेही एमएएच सहसा ३.७ व्होल्टच्या सेलवर धरलेले असतात. खरी साठवण ३७, हाती येणारे ३१ च्या आसपास. म्हणजे चार तास जेमतेम, आणि सेल जुने झाले की त्याहून कमी.

तरीही नवा यूपीएस सकाळ काढून देतो. दीड वाजता लाइट येते आणि सगळं भरायला लागतं. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर दोन-अडीच तासांत काम उरकतो. पॉवर बँकेला फोनचा जुना ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर लावला तर गेलेले ३५ वॅट-तास साडेतीन तासांत भरत नाहीत. १८ वॅटचा किंवा त्याहून मोठा लावला तर भरतात. यूपीएसला मात्र राउटरचाच १२ वॅटचा अडॅप्टर जोडलेला आहे. त्यातले ८ वॅट राउटर खातो. सेलसाठी उरतात ४, त्यातही गळती. साडेतीन तासांत १२ वॅट-तास भरले तर खूप झालं. संध्याकाळी त्यातून १० बाहेर येतात आणि राउटर सव्वा तास चालतो. पाचला गेलेली लाइट सातला येणार, राउटर मात्र सव्वासहाला बंद! यूपीएस खराब नसतो. रात्री त्याला दहा-बारा तास मिळतात म्हणून सकाळी तो भरलेला असतो, दुपारी तेवढा वेळ मिळत नाही, इतकंच.

उपाय स्वस्त आहे. यूपीएसच्या इनपुटवर २ किंवा ३ अँपिअर चालेल असं लिहिलं असेल तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्यावा. व्होल्ट तेवढेच, अँपिअर जास्त, आणि पिनेचा आकार व धन-ऋण जुळलेले हवेत. पिनेशेजारच्या छोट्या चित्रात मधला बिंदू धन चिन्हाला जोडलेला दिसतो, तो दोन्हीकडे सारखा पाहिजे. काही यूपीएस आतूनच चार्जिंगचा वेग बांधून ठेवतात. तिथे मोठ्या अडॅप्टरने फरक पडत नाही आणि जास्त साठवणीचा यूपीएस घेण्याला पर्याय राहत नाही.

राउटर थेट पॉवर बँकेवर चालवायची केबलही मिळते, ५ व्होल्टचे १२ करणारी. पण १२ व्होल्टला ८ वॅट द्यायचे तर ५ व्होल्टच्या बाजूला गळतीसह जवळपास २ अँपिअर खेचावे लागतात. साध्या यूएसबी खोबणीची ती हद्दच. भार थोडा वाढला की राउटर रीस्टार्ट होत राहतो, आणि नेट वाईट आहे म्हणून आपण केबलवाल्याला फोन करतो. बऱ्याच बँकांना दुसरी वस्तू जोडली की आउटपुट क्षणभर तुटतं, तेव्हाही राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ही केबल अडीअडचणीला ठेवावी, रोजच्या भरवशाला नको.

एक मर्यादा मात्र आपल्या घरात सुटत नाही. फायबरच्या तारेला वाटेत वीज लागत नाही, पण तिच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राला लागते. छोट्या गावात ते यंत्र केबलवाल्याच्या दुकानात किंवा कुणाच्या जिन्याखाली असतं, आणि त्याची बॅटरी तासाभरात संपते. घरचा मेन स्विच बंद करून केलेल्या चाचणीत हे कधीच कळत नाही, कारण तेव्हा त्याच्याकडे वीज असते. खऱ्या लोडशेडिंगमध्ये राउटरचे दिवे पाहावे. पॉवरचा दिवा सुरू आणि LOS लाल लुकलुकत असेल, तर समोरून प्रकाशच येत नाही, आपला यूपीएस निर्दोष आहे. PON स्थिर हिरवा असून नेट नसेल, तर अडचण आणखी पुढे आहे. LOS किती वाजता लाल झाला ते चार-पाच वेळा टिपून ठेवलं की केबलवाल्याशी नेमकं बोलता येतं.

तो बॅटरी वाढवेपर्यंत त्या वेळेनंतर फोनचं हॉटस्पॉट. सिम शक्यतो फायबरच्या कंपनीचं नको, वेगळ्या कंपनीचं असावं. पॉवर बँकेतला निम्मा साठा इथे कामी येतो, कारण संध्याकाळच्या दोन तासांचे ३० वॅट-तास लॅपटॉप स्वतःच्या भरलेल्या बॅटरीतून भागवतो. फोन फक्त उन्हातल्या खिडकीत ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये हॉटस्पॉट आणि चार्जिंग एकत्र चालू असलं की फोन तापतो आणि चार्जिंग स्वतःच थांबवतो.