रुजू झाल्यावरही येणारे फोन

पुण्यातल्या आयटी क्षेत्रात नव्या नोकरीत रुजू होऊन महिना उलटला, तरी कन्सल्टन्सीचे फोन येतच राहतात. बहुतेक जण “इंटरेस्ट नाही” म्हणून फोन ठेवून देतात आणि त्यामुळेच फोन थांबत नाहीत. रिक्रूटर तेवढीच नोंद करतो आणि ती त्या एका जागेपुरती असते. पुढे त्याच ऑफिसातला दुसरा कोणी वेगळ्या जागेसाठी शोध घेतो, तेव्हा तुमचं नाव पुन्हा यादीत दिसतं.

“मी जॉइन झालोय” एवढं सांगूनही नेहमी भागत नाही. कन्सल्टन्सीला सहसा उमेदवार रुजू झाल्यावरच पैसे मिळतात, आणि ९० दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये मन बदलणारे खूप असतात. म्हणून रिक्रूटर आशा सोडत नाही. रुजू झाल्याची तारीख लेखी दिली, की विषय संपतो.

समजा, एका टेस्टरची बँकेच्या प्रोजेक्टसाठी दुसरी मुलाखत बाकी आहे आणि ती २ जूनला दुसरीकडे रुजू झाली. तिने असा मेल करावा: “नमस्कार मॅडम, मी २ जूनला दुसऱ्या कंपनीत रुजू झाले आहे. बँकेच्या प्रोजेक्टसाठीची माझी प्रक्रिया कृपया बंद करावी आणि क्लायंटलाही तसं कळवावं. सध्या मी नोकरी शोधत नाही. इतर जागांसाठीही तुमच्या टीममधून मला फोन किंवा मेल येऊ नयेत, अशी नोंद करावी. माझा बायोडेटा याच मेल आयडीवर आणि खालील नंबरवर नोंदलेला आहे.” नवी कंपनी कोणती, पगार किती, हे सांगायची गरज नाही. विचारलं तरी नम्रपणे नाही म्हणावं.

या मेलमध्ये बायोडेटा पुसून टाकायला सांगितलेलं नाही, ते मुद्दामच. सगळंच पुसलं, तर पुढच्या वेळी पोर्टलवर तुमचं नाव सापडल्यावर ते नवा उमेदवार म्हणून घेतलं जातं आणि फोन पुन्हा सुरू होतात. नंबरासोबत “संपर्क करू नये” हा शेरा राहिला, तर निदान त्या ऑफिसात तरी तो दिसतो.

पोर्टलचं काम मात्र आपणच करायचं, आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. नवी कंपनी प्रोफाइलवर टाकायची घाई झाली, तर नौकरीसारख्या पोर्टलवर ताजा बदल झालेली प्रोफाइल रिक्रूटरच्या शोधात वर येते आणि फोन उलट वाढतात. म्हणून आधी प्रोफाइल रिक्रूटरना दिसणार नाही अशी सेटिंग करावी, लिंक्डइनवरचं Open to Work बंद करावं आणि मगच माहिती बदलावी. आधीच डाउनलोड झालेल्या प्रतींवर याचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी हाच मजकूर जपून ठेवावा आणि ज्या कन्सल्टन्सीचा फोन येईल, तिला लगेच पाठवावा.