रेडी रेकनरपेक्षा स्वस्त जागा; कर मात्र दोघांच्या माथी

हिंगोली शहरात अथवा वसमतमध्ये एखादा बिनशेती भूखंड विकला जातो, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळणाऱ्या सूची क्रमांक २ मध्ये दोन रकमा लिहिलेल्या असतात. एक 'मोबदला', म्हणजे व्यवहाराची किंमत, आणि दुसरी 'बाजारभाव', म्हणजे शासनाच्या वार्षिक दर तक्त्यानुसार, लोकांच्या भाषेत रेडी रेकनरनुसार, निघणारे मूल्य. यापैकी जी रक्कम जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क भरले की काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. आयकर खात्याच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

समजा, एक भूखंड ३० लाख रुपयांना विकला गेला आणि त्याचा सरकारी बाजारभाव ३९ लाख रुपये निघाला. विक्रेत्याला पैशाची निकड होती, म्हणून त्याने कमी भाव घेतला. रक्कम पूर्णपणे धनादेशाने मिळाली. लपवाछपवी काहीच नाही. तरीही १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५०-सी नुसार त्याला ३९ लाख रुपयेच मिळाले, असे मानले जाते. भूखंडाची मूळ खरेदी १० लाखांची असेल, तर प्रत्यक्ष नफा २० लाखांचा. परंतु कर २९ लाखांवर. दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या साडेबारा टक्के दराने या न मिळालेल्या ९ लाखांवर १ लाख १२ हजार ५०० रुपये, शिवाय उपकर, भरावे लागतात.

ही तरतूद २००३-०४ या आकारणी वर्षापासून आहे. खरेदीदार मात्र प्रारंभी तिच्या कक्षेबाहेर होता. कमी किमतीत घेतलेल्या जागेवर त्याच्याकडून कर घेण्याची व्यवस्था २०१४-१५ या आकारणी वर्षापासून आली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती कलम ५६(२)(एक्स) मध्ये आहे. तेच ९ लाख रुपये खरेदीदाराचे 'इतर उत्पन्न' ठरतात. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर २ लाख ७० हजार रुपये आणि उपकर. एकाच फरकावर दोघांनी कर द्यायचा, हे अनेकांना अन्यायकारक वाटते. पण कायदा तसाच आहे. खरेदीदाराला एवढाच दिलासा, की पुढे हीच जागा विकताना त्याची खरेदी किंमत ३९ लाख धरली जाते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी ही तत्त्वे कायम आहेत.

सवलतीची मर्यादा १० टक्क्यांची आहे. सरकारी मूल्य किमतीच्या ११० टक्क्यांपर्यंत असेल, तर फरक दुर्लक्षिला जातो. वरील भूखंड साडेपस्तीस लाखांना विकला असता, तर मर्यादा ३९ लाख ५ हजार झाली असती आणि दोघेही सुटले असते. मर्यादा ओलांडली की मात्र केवळ वरचा भाग नव्हे, पूर्ण फरक करपात्र होतो.

दुसरी अडचण तारखेची. इसार एका वर्षी आणि खरेदीखत पुढच्या वर्षी होते. दरम्यान दर वाढतात. अशा वेळी करार झाला त्या दिवसाचे मूल्य धरता येते. मात्र मोबदल्याचा काही भाग त्या दिवशी किंवा त्यापूर्वी खात्यावरील धनादेशाने वा बँकेमार्फत दिलेला असला पाहिजे. आपल्याकडे इसार बहुधा रोखीने दिला जातो आणि तेथेच हा हक्क जातो.

भावाला स्वस्तात जागा दिली, तर? कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांकडून घेणाऱ्या खरेदीदाराला कर नाही. विकणाऱ्या भावाला मात्र कलम ५०-सी लागतेच.

शेतजमिनीचे गणित वेगळे. दहा हजारांहून अधिक आणि एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरपलीकडची शेती ही भांडवली मालमत्ता नाही. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली नगरपालिका याच गटात येते. अशी शेती विकणाऱ्याला कलम ५०-सी लागू होत नाही. घेणाऱ्याच्या बाबतीत आयकर न्यायाधिकरणांचे निर्णय परस्परविरोधी आहेत. म्हणून निश्चिंत राहणे योग्य नव्हे. हद्दीपासूनच्या अंतराचा दाखला दस्तासोबत जपून ठेवावा.

भूखंडाला रस्ता नसेल, भाडेकरू बसलेला असेल किंवा दावा चालू असेल, तर दर तक्त्यातील मूल्य खरोखरच अवास्तव असू शकते. तसे असल्यास आकारणीच्या वेळी लेखी हरकत घेऊन प्रकरण खात्याच्या मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे पाठविण्याची मागणी करता येते. ही वाट विक्रेता आणि खरेदीदार दोघांनाही खुली आहे. मात्र मुद्रांक मूल्याला अन्य प्राधिकाऱ्यापुढे वा न्यायालयात आव्हान दिलेले नसावे. अधिकाऱ्याने मूल्य कमी ठरवले, तर ते धरले जाते. जास्त ठरवले, तर मुद्रांकाचेच मूल्य कायम राहते. त्यामुळे मागणी करण्यात तोटा नाही. जागेची छायाचित्रे, मोजणी नकाशा आणि दाव्याची कागदपत्रे मात्र विक्रीच्या वेळचीच हवीत. नोटीस येईपर्यंत त्या भूखंडावर बहुधा इमारत उभी राहिलेली असते.