दाखला कोणत्या मुलखाचा?

सरकारी भरतीची मुदत जवळ आली की ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या माझ्या ओसरीवर कोणी ना कोणी मुलगा कागदांची पिशवी घेऊन येऊन बसतो, आणि तीत बहुधा साताऱ्याच्या चुलत्याला महाराष्ट्रात मिळालेला जातीचा दाखला असतो. महार जात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या यादीत आहे, तेव्हा दाखला कुठलाही चालेल, हा त्याचा समज. आणि नेमका तोच निराधार आहे.

राष्ट्रपतींच्या १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने अनुसूचित जाती राज्यवार ठरविल्या. त्या दिवशी कुटुंब ज्या मुलखाचे कायम रहिवासी होते, त्या मुलखाच्या संदर्भातच तो हक्क उभा राहतो, आणि नावाने एकच असलेली जात दुसऱ्या राज्यात गेल्याने तो हक्क तेथे आपोआप नांदत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९० मध्ये स्पष्ट केले. (बौद्ध झाल्याने हक्क गेला, ही भीतीही १९९० च्या दुरुस्तीने निराधार ठरली आहे.)

दोन चुलत-चुलत भावांचे कल्पित उदाहरण घेऊ. थोरल्याचे आजोबा १९३८ पासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, म्हणजे १९५० साली मध्यभारतात. तो मध्य प्रदेशचा, आणि शाळेच्या दाखल-खारिज नोंदवहीचा जुना उतारा जोडून त्याने लोकसेवा केंद्रामार्फत अनुविभागीय अधिकाऱ्याकडे दाखला मागावा. धाकट्याचे आजोबा साताऱ्याहून १९६२ साली आले. नातू ग्वाल्हेरात जन्मला तरी मूळ महाराष्ट्राचेच. राज्याच्या भरतीत तो खुल्या वर्गातून बसेल, पण केंद्राच्या भरतीत राखीव जागेवर त्याचा अधिकार अबाधित आहे. वडिलांचा महाराष्ट्राचा दाखला दाखवून त्याला येथील सक्षम अधिकाऱ्याकडून स्थलांतरिताच्या नमुन्यातला दाखला घेता येतो. म्हणून अर्जातील 'प्रवर्ग' हा रकाना भरण्यापूर्वी जाहिरात राज्याची की केंद्राची, हे पाहावे.

छायाचित्राचा समज निराळा. लग्नातले, नाहीतर चार वर्षांपूर्वीचे चित्र कापून लावले की काम भागले, असे पुष्कळांना वाटते. परंतु ते परीक्षेच्या दारात आणि कागदपत्र पडताळणीत समोरच्या चेहऱ्याशी ताडले जाते, म्हणूनच कर्मचारी निवड आयोगाने अलीकडे अर्ज भरतानाच थेट छायाचित्र टिपण्याची रीत घातली.

पडताळणीत आमच्या लोकांना सर्वांत जास्त अडविते ते नाव. इकडच्या दहावीच्या गुणपत्रिकेत मुलाचे नाव आणि आडनाव असते, वडिलांचे नाव निराळ्या रकान्यात. साताऱ्याकडच्या कागदावर आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा एकसंध मजकूर. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे अक्षरशः नाव लिहावे, आणि दाखला तसाच मागावा. तो आधीच निघाला असेल, तर दोन्ही नावे एकाच इसमाची असल्याचे शपथपत्र मूळ कागदांच्या बाडात वरच ठेवावे.